पेरणीयंत्राची बियाणे पेटी घरी बनवावी की विकतच आणावी? (शेड चार महिने रिकामं असतं)

नांगरपास | रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात माझं शेती अवजारांचं छोटं युनिट आहे. ट्रॅक्टरचे कल्टिव्हेटर, वखर आणि नऊ दात्यांचं पेरणीयंत्र बनवतो. पेरणीयंत्राचा सांगाडा, दाते, चाक सगळं आमचंच, फक्त वरची पत्र्याची बियाणे पेटी बाहेरून येते. वर्षाला साधारण ३०० पेट्या लागतात. पेटी २,८३० ला पडते, त्यावर १२० रुपये गाडीभाडं, म्हणजे शेडमध्ये उतरेपर्यंत २,९५०.

आमच्याकडे मार्च ते जून श्वास घ्यायला वेळ नसतो. रब्बीच्या तोंडावर थोडी गडबड होते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेड जवळजवळ रिकामं. पत्रा कापायचं मशीन आहे, बेंडिंग आहे, वेल्डिंग आहे. म्हणून वाटलं की रिकाम्या महिन्यांत पेट्या आपणच बनवाव्यात. रोज तीन सहज निघतील, महिन्याच्या ७५, चार महिन्यांत ३००.

सीए साहेबांनी एका पेटीचा हिशोब असा मांडून दिला:

पत्रा आणि पट्टी १,७८०
वेल्डिंग वायर, गॅस, रंग, नटबोल्ट २७०
मजुरी ५४०
कारखान्याचा इतर खर्च, मजुरीच्या दीडपट, ८१०
एकूण ३,४००

म्हणजे विकतपेक्षा ४५० रुपये महाग. ते म्हणाले, ३०० पेट्यांवर १ लाख ३५ हजारांचा खड्डा आहे, सोडून द्या. हिशोबात बेरीज चुकलेली नाही. पण मशीन उभं, माणसं बसलेली आणि तरी विकत आणणं स्वस्त, हे काही पचून नाही राहिलं. कोणी सांगेल का?

---

हिशोबी_वणी | रात्री ९:४०

सीए बदला 😀

साधी गोष्ट आहे. शेड रिकामं आहे म्हणजे मजुरी फुकट, भाडं फुकट, वीज फुकट. फक्त माल मोजायचा. १,७८० अधिक २७०, म्हणजे २,०५०. विकत २,९५०. एका पेटीमागे ९०० वाचले, ३०० पेट्यांचे २ लाख ७० हजार. डोळे झाकून बनवा.

---

होतकरू_सीए | रात्री १०:०५

सीए बदलायची गरज नाही हो. त्यांनी केलेला हिशोब वर्षअखेरीच्या मालसाठ्याची किंमत धरायला, विक्रीचा भाव ठरवायला ठीकच आहे. शेडचं भाडं कुठल्या ना कुठल्या मालातून निघायलाच हवं ना? तुम्ही विचारलेला प्रश्न वेगळा आहे, एवढंच.

एक विचारायचं होतं, हे आकडे जीएसटी सोडून आहेत ना? आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये नाही ना?

---

नांगरपास | रात्री १०:११

जीएसटी सोडून. कंपोझिशनमध्ये नाही.

---

खतावणी | रात्री ११:२०

नांगरपास, मी सूतगिरणीत कॉस्टिंगला होते, आता निवृत्त. तुमचा तक्ता बघून हात शिवशिवले म्हणून लिहितेय. जरा लांबेल.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: पेटी बनवली नाही, तर हा पैसा माझ्या खिशात राहतो का? राहत असेल तर ती ओळ मोजायची. राहत नसेल तर पेटी बनवा वा न बनवा, तो खर्च होणारच आहे, मग त्याला या वादात उभं करायचं नाही.

पत्रा १,७८०. बनवली नाही तर घ्यावा लागणार नाही, म्हणून पूर्ण मोजा. पण पेटी कापताना कात्रण निघतं, ते भंगारात जातं. दोन किलो निघालं तर ६० रुपये परत येतात. तेव्हा १,७२० धरा. वायर, गॅस, रंगाचे २७० पूर्ण मोजा.

८१० ची ओळ सगळ्यात फसवी. मजुरीच्या दीडपट हा दर म्हणजे वर्षभराचं भाडं, घसारा, विमा, फोरमनचा पगार, तुमचा फोन, चहापाणी एकत्र करून मजुरीवर वाटून टाकण्याची सोय आहे. पेटी बनवली म्हणून शेडमालक जास्त भाडं मागणार आहे का? नाही. यातलं खरंच वाढणारं किती, ते शोधा: विजेचे युनिट, ग्राइंडिंग व्हील, कटिंगच्या पात्याची झीज. माझ्या अंदाजाने ७० च्या आसपास असेल, पण तुमचं वीजबिल काढून बघा. बाकीचे ७४० रुपये दोन्ही बाजूंना सारखेच आहेत.

आता मजुरी ५४०. हिशोबी_वणी म्हणतात फुकट. मला ते तेवढं सरळ वाटत नाही. हे ५४० कोणाकोणाचे आहेत, ते आधी सांगा.

---

नांगरपास | सकाळी ७:५०

खतावणी ताई, रात्री वाचलं आणि झोप उडाली. मजुरी अशी आहे: वेल्डरला नगावर देतो, पेटीमागे १८० ठरतील. बाकी ३६० म्हणजे फिटर आणि हेल्पर. फिटरला महिना १५,०००, हेल्परला १२,०००, दोघांचे मिळून २७,०००. ७५ पेट्यांवर वाटले की ३६०.

---

खतावणी | सकाळी ८:३५

छान. वेल्डरचे १८० मोजा, पेटी नाही तर पैसा नाही. फिटर आणि हेल्पर बाराही महिने पगारावर असतील तर त्यांचे ३६० सोडा. मग:

१,७२० + २७० + १८० + ७० = २,२४०

विकतच्या २,९५० पेक्षा ७१० ने कमी. तुमच्या सीएंच्या तक्त्यात ४५० चा तोटा दिसतो आणि इथे ७१० चा फायदा, आणि दोन्ही तक्त्यांतला पत्रा, माणसं, मशीन तेच.

पण मी "असतील तर" म्हटलंय ते पुन्हा वाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दोघं खरंच शेडमध्ये बसून पगार घेतात का?

---

हिशोबी_वणी | सकाळी ९:०२

म्हणजे आपलं उत्तर बरोबर, फक्त आकडा २०० ने इकडंतिकडं.

---

बुलढाणी_लेथ | सकाळी ९:३०

वणीवाले भाऊ, वीज फुकट कोनत्या गावात भेटते ते सांगजा, मी शेड तिकडंच नेतो 😂

नांगरपास भाऊ, मी बी अवजारंच बनवतो. विजेचं एक पाहून ठेवजा. युनिटचा खर्च वायला आन मंजूर भाराचा आकार वायला. वेल्डिंगचं नवं मशीन लावलं आन भार मंजुरीच्या वर गेला तं भार वाढवून घ्या लागते, मंग त्या वाढीव भाराचे पैसे बाराही महिने येत राह्यतेत, पेटी बनवा का नका बनवू. आहे त्याच मशीनवर करून राह्यले असान तं काई नाई, भार तेवढाच राह्यते.

---

नांगरपास | सकाळी १०:१५

नवं मशीन नाही घेत, आहे त्यावरच.

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. फिटर माझ्याकडे बाराही महिने आहे. त्याला सोडला तर यवतमाळला दुसरा कोणी उचलून नेईल, म्हणून काम नसलं तरी पगार देतो. हेल्परचं तसं नाही. तो दिवाळीनंतर कापूस वेचायला जातो आणि मार्चमध्ये परत येतो. त्या महिन्यांत मी त्याला काही देत नाही. पेट्या बनवायच्या तर त्याला थांबवून घ्यावं लागेल.

---

खतावणी | दुपारी १२:४०

मग त्याचे १२,००० हा नवा खर्च झाला. ७५ पेट्यांवर १६० रुपये पडतात. तुमचा आकडा २,२४० वरून २,४०० वर आला आणि पेटीमागची बचत ७१० ची ५५० झाली.

हिशोबी_वणी, म्हणूनच मी फुकट म्हणायला कचरत होते. मशीन रिकामं असलं की माणूसही रिकामा असतोच असं नाही. आपल्याकडच्या लहान युनिटांत अर्धी माणसं हंगामी असतात, आणि हिवाळ्यात त्यांना वेचणीचं, हरभऱ्याचं काम असतं. सूतगिरणीत सगळे कायम होते, तिथे मजुरीची ओळ खोडणं सोपं होतं. इथे एकेका माणसाचं नाव घेऊन विचारावं लागतं. आणि फिटरचंही बघा, त्या चार महिन्यांत तो दुरुस्तीची कामं घेऊन तुम्हाला काही मिळवून देत असेल, तर ती बुडालेली कमाईसुद्धा पेटीच्या खात्यावर लावावी लागेल.

---

नांगरपास | दुपारी १:०५

दुरुस्त्या मार्चनंतरच येतात. हिवाळ्यात तो जुने जिग साफ करतो आणि मोबाईल बघतो.

---

तूरडाळ_मूर्तिजापूर | दुपारी २:२०

धागा आवडला. माझी मिनी डाळ मिल आहे. डाळीला पॉलिश करायला बाहेर पाठवते, किलोमागे पैसे द्यावे लागतात. पॉलिशरचं मशीन घेतलं तर पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं असं कळलं. तर वरच्या हिशोबाने मीही ते घरीच करावं ना? भाडं, घसारा सोडून दिलं तर मलाही खूप स्वस्त दिसतंय.

---

होतकरू_सीए | दुपारी ३:१०

ताई, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नांगरपास यांच्याकडे मशीन आधीच उभं आहे, त्याचा पैसा कधीच गेलाय, म्हणून त्याचा घसारा त्यांनी सोडला. तुम्हाला मशीन अजून घ्यायचंय. तुमच्यासाठी त्याची किंमत हा पुढे होणारा खर्च आहे, त्यामुळे अनुदान वजा जाता उरेल ती रक्कम मोजायचीच. ती किती वर्षांत निघते, ते तुमच्या वर्षाच्या क्विंटलवर ठरेल.

दुसरं, डाळ मिल हंगामात रिकामी असते का? जागा आणि माणसं आधीच भरलेली असतील, तर पॉलिशिंगसाठी डाळ काढणं थांबवावं लागेल. तो तोटाही त्यात धरा. तुम्ही वेगळा धागा काढा, आकड्यांसकट. मी येतो.

---

तूरडाळ_मूर्तिजापूर | दुपारी ३:२५

हंगामात तर पाय ठेवायला जागा नसते. बरं झालं विचारलं. काढते धागा.

---

बुलढाणी_लेथ | संध्याकाळी ६:१०

आता माझा मुद्दा ऐका, हिशोबवाल्यायनं तो कागदावर घेतलाच नाई.

पेटी म्हंजे पत्र्याचा डबा नाई. तळाले नऊ भोकं राह्यतेत, त्याच्याखाली खाचांचे रोलर बसतेत आन एकच शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊही रोलरमधून जाते. नऊ भोकं एका रेषेत नसली तं शाफ्ट आटून जाते. दीडदोन मिलिमीटरनं एखादं भोक सरकलं का चाक ओढल्यासारखं फिरते आन एका दात्यातून बी जास्त पडते, दुसऱ्यातून कमी. शेतकऱ्याले ते पेरल्यावर आठ दिवसानं दिसते, तवा तो यंत्र घेऊन दारात उभा राह्यते.

त्याच्याकरता भोकाचा पंच आन जिग बनवा लागन. बेंडिंगच्या आधी भोकं पाडजा, मंगच वळवजा. आन वेल्डिंग एकाच बाजूनं लांबलचक मारू नका, पत्रा गरम होऊन पिळते. टाके देत देत, दोन्ही टोकांकडून या.

तपासाची रीत सोपी हाय. पेटीत सोयाबीन भरा, यंत्र उचलून चाक हातानं फिरवा, नऊही नळ्याले पिशव्या बांधा. ठरवलेले फेरे झाले का नऊ पिशव्या वायल्या वायल्या तोला. एकादी पिशवी बाकीच्याहून बरीच हलकी-जड आली तं ती पेटी बाजूले. पहिल्या लॉटमधी बऱ्याच बाजूले पडतीन, सांगून ठेवतो.

---

नांगरपास | संध्याकाळी ७:००

लेथ भाऊ, पिशव्यांची रीत आम्ही पूर्ण यंत्रावर करतोच, पण विकतच्या पेटीत सहसा काही निघत नाही, म्हणून इकडे लक्षच नव्हतं. पंच आणि जिगचा भाव मी अमरावतीत विचारला, ४५,००० म्हणाले. वाया किती जातील असं धरू?

---

बुलढाणी_लेथ | संध्याकाळी ७:२०

पहिल्या सालाले ३०० मधी २० धरा. जास्त नाई. दुसऱ्या सालापासून पाचसात.

---

खतावणी | रात्री ९:०५

लेथभाऊंचं खूप बरं झालं. आता पुढे नेते.

वाया गेलेल्या पेटीची किंमत काय धरायची? २,४०० नव्हे. ती बिघडली की तिच्या जागी बाजारातून २,९५० ची आणावी लागते, आणि बिघडलेली भंगारात ७०० च्या आसपास देते. तेव्हा एक पेटी बिघडली की हातचे २,२५० गेले. वीस पेट्यांचे ४५,०००. जिगचेही ४५,०००. योगायोगाने दोन्ही सारखे आलेत, गोंधळू नका.

अजून एक खर्च आहे, तो तुमच्या कुठल्याच बिलावर दिसत नाही. पेट्या नोव्हेंबर-फेब्रुवारीत बनणार आणि यंत्र विकलं जाणार एप्रिल ते जून. पत्र्याचा, मजुरीचा पैसा सरासरी पाच महिने पेटीत अडकून पडणार. आज विकत आणता तेव्हा लागतील तशा आणता, पैसा अडकत नाही. बँकेची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांची असेल तर पाच महिन्यांचे ५ टक्के, २,४०० वर १२० रुपये.

तेव्हा ५५० मधून १२० गेले, ४३० राहिले. ३०० पेट्यांचे १,२९,०००. त्यातून जिग आणि वाया गेलेल्या पेट्यांचे ९०,००० गेले. पहिल्या वर्षी ३९,००० हातात. हिशोबी_वणींचे २ लाख ७० हजार कुठे आणि हे कुठे. पण सीएंच्या १ लाख ३५ हजारांच्या खड्ड्यापासूनही हे बरंच लांब आहे.

दुसऱ्या वर्षी जिगचा खर्च नाही, वाया जाणंही कमी, त्यामुळे लाखाच्या वर जाईल.

---

होतकरू_सीए | रात्री ९:४५

ताईंचा हिशोब मान्य. जीएसटीचं थोडं जोडतो. पत्र्यावर १८ टक्के भरता आणि पेरणीयंत्रावर सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्केच आकारता. भरलेल्या कराची वजावट मिळते म्हणून तो खर्चात धरायचा नाही, हे बरोबर. पण विक्रीवरचा कर लहान आणि खरेदीवरचा मोठा झाला की क्रेडिट साचत जातं, त्याचा परतावा मागावा लागतो आणि तोवर पैसा अडकतो. पेटी विकत आणतानाही कर भरताच, तेव्हा बनवल्याने किती जास्त अडकेल ते पत्र्याचं आणि पेटीचं बिल शेजारी ठेवून बघा.

कंपोझिशनमध्ये असता तर वजावटच मिळाली नसती, मग दोन्ही बाजूंचे आकडे करासकट घ्यावे लागले असते. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

---

हिशोबी_वणी | रात्री १०:१०

बरं, मानलं. पण मग एप्रिल-मे मध्येही बनवा ना. तेव्हा पैसा पाच महिने अडकत नाही, हेल्परही पगारावर असतोच. म्हणजे तेव्हा तर पेटी २,२४० लाच पडेल, अजून स्वस्त!

---

खतावणी | रात्री १०:५०

हा प्रश्न चांगला विचारलात. नांगरपास, एप्रिलमध्ये वेल्डिंगच्या जागेवर दिवसाला तीन पेट्या काढायच्या तर काय थांबेल?

---

नांगरपास | रात्री ११:०५

एक कल्टिव्हेटर थांबेल. दिवसाला तेवढाच निघतो तिथून. गिऱ्हाईक तर रांगेत असतं. एका कल्टिव्हेटरमागे लोखंड, नगावरची मजुरी वगैरे जाऊन २,७०० उरतात.

---

खतावणी | रात्री ११:२५

मग तीन पेट्यांसाठी २,७०० सोडावे लागतात, पेटीमागे ९००. २,२४० मध्ये ९०० मिळवले की ३,१४०. विकतची २,९५०. एप्रिलमध्ये बनवलेली प्रत्येक पेटी तुम्हाला १९० ने महाग पडेल, जरी तुमच्या वहीत एक पैसाही जास्त खर्च दिसला नाही तरी. तेव्हा हंगामात मागणी ३०० च्या वर गेली तर वरच्या पेट्या विकतच आणा. शेड तेच, माणसं तीच, पण हिवाळ्यातलं उत्तर उन्हाळ्यात लागू नाही.

---

बुलढाणी_लेथ | सकाळी ८:१५

ताई, हे तं आमी मनातल्या मनात करतोच. एप्रिलमधी कोनी गेट बनवाले आला तं हाकलून देतो, आन जानेवारीत त्यालेच चहा पाजतो.

---

नांगरपास | दुपारी ४:३०

नवीन बातमी. ताईंच्या सांगण्यावरून नाही, मी आपलाच पेटीवाल्याला फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षीपासून थोड्या पेट्या घरीच बनवायचा विचार आहे. तो लगेच म्हणाला, डिसेंबर-जानेवारीत ३०० एकदम उचलत असाल तर २,६०० ला शेडपोच देतो, भाडं त्याच्याकडे. त्याचंही शेड हिवाळ्यात रिकामंच असतं म्हणे.

आता काय?

---

होतकरू_सीए | दुपारी ५:००

हे व्हायचंच होतं 😀

आता विकतच्या पेटीवरही व्याज धरा, कारण तीही चार-पाच महिने पडून राहणार. २,६०० वर ५ टक्के म्हणजे १३०, झाले २,७३०. तुमची बनवलेली व्याजासकट २,५२०. पेटीमागे २१० चा फरक, ३०० चे ६३,०००. पण पहिल्या वर्षी जिग आणि वाया जाणाऱ्या पेट्या धरल्या की उलटं होतं. वाया गेलेली पेटी आता २,७३० ने भरून काढायची, म्हणून तो खर्च थोडा कमी, ४०,००० च्या आसपास. तरी ८५,००० जातात. म्हणजे पहिल्या वर्षी विकत घेणं २०-२२ हजारांनी स्वस्त. दुसऱ्या वर्षी बनवणं पुन्हा पुढे जातं, पाचसात वाया धरूनही ५० हजारांच्या आसपास.

---

हिशोबी_वणी | संध्याकाळी ५:२०

मग विकतच घ्या. फोन केला आणि एका झटक्यात भाव उतरला, घरबसल्या कमाई.

---

खतावणी | संध्याकाळी ६:४५

मला एवढं सोपं वाटत नाही. हा भाव पेटीवाला किती वर्षं देईल? तुम्ही जिग बनवलाच नाही आणि पुढच्या वर्षी तो २,८३० वर परत आला तर? उलट जिग बनवलात, त्याच्याकडून उचल बंद केलीत, आणि मे महिन्यात जास्तीच्या ५० पेट्या हव्या झाल्या, तर तो जुन्या गिऱ्हाइकाच्या भावात देईल का? याचं उत्तर तक्त्यात नाही, तुमची त्याच्याशी ओळख किती जुनी त्यात आहे.

तुम्हाला फोनवर धरायला एक आकडा देते: २,४००. त्याने हिवाळ्यात शेडपोच त्याहून कमी भाव दिला तर जिग फुकट मिळाला तरी बनवू नका. त्याहून बऱ्यापैकी वर असला तर दुसऱ्या वर्षापासून बनवणं विचारात घ्यायचं, मात्र वाया जाणाऱ्या पेट्या लेथभाऊंनी सांगितल्या तेवढ्याच राहिल्या पाहिजेत. मला त्या आकड्याची धास्ती आहे. २० च्या ४० झाल्या तर दोन वर्षांचा नफा पुसला जातो.

---

बुलढाणी_लेथ | रात्री ८:००

४० नाई होत ताई, फिटर बरा असन तं. पन तुमची धास्ती खोटी नाई.

आन भाऊ, अनुदानात यंत्र विकत असान तं चाचणी अहवाल कोनत्या पेटीवर झाला ते पाहून घेजा. पेटीचं माप, रोलर बदलले तं पुन्हा विचारा लागन. माप तेच ठेवजा, भानगड नको.

---

नांगरपास | रात्री ९:३०

अनुदानातल्या यंत्रांचा अहवाल या पेटीवरच आहे, तो मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. रोलर तर मी विकतच आणणार, फक्त पत्र्याचं काम घरी. माप काटेकोर तेच ठेवावं लागेल.

सध्या असं ठरवतोय: या हिवाळ्यात पेटीवाल्याकडून २,६०० ने २०० घ्यायच्या, तो २०० ला तोच भाव देतो का ते विचारतो. उरलेल्या १०० घरी काढून बघायच्या. जिगचे ४५,००० पूर्ण १०० वरच बसतील, म्हणजे या वर्षी ते महागच पडणार हे कळतंय. पण फिटरच्या हातून वाया किती जातात, तो आकडा मला माझ्या शेडमधून हवा.

---

होतकरू_सीए | रात्री ९:५०

१०० साठी पूर्ण जिग कशाला? थोडा स्वस्त, हाताने भोकं मारायचा टेम्प्लेट बनवून १० काढून बघा आधी.

---

बुलढाणी_लेथ | रात्री १०:०५

हातानं मारलेल्या भोकावरून वाया किती जातीन ते नाई समजत साहेब. जिगवरच समजते. टेम्प्लेटवर दहाच्या दहा बाजूले पडतीन आन भाऊ म्हनन धंदाच खोटा.

---

खतावणी | रात्री १०:३०

इथे मी लेथभाऊंच्या बाजूची. मात्र हेल्परला चार महिने थांबवू नका. १०० पेट्यांना ३३-३४ दिवस लागतात, दीड महिना पुरे. आणि त्याच्याशी आत्ताच बोला. दिवाळीनंतर तो शेतात गेला की परत बोलावणं तुमच्या हातात नाही.

---

नांगरपास | रात्री १०:४०

उद्याच बोलतो. त्याची बायको पण वेचणीला जाते, दोघांची जोडी असते. एकट्याला थांब म्हटलं तर किती मागेल, १२,००० त भागेल का, ते बघावं लागेल.